रात्री बाळासोबत एकटे असताना: झोपेचा हिशेब आणि खात्रीची माणसे

दोन मोठी माणसे असलेल्या घरात बाळाच्या रात्रीच्या पाळ्या लावता येतात. एकट्या आईच्या किंवा एकट्या वडिलांच्या घरात प्रत्येक जाग त्याच एका माणसाची असते, आणि सकाळी कामालाही त्यालाच जायचे असते. सवा महिना माहेरी किंवा नातेवाइकांकडे निघून जातो, तिथे कोणी ना कोणी उठणारे असते. खरी कसोटी त्यानंतर, स्वतःच्या घरी परतल्यावर सुरू होते. हा लेख त्याच टप्प्याविषयी, म्हणजे साधारण सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या, पूर्ण दिवसांच्या आणि निरोगी बाळाच्या रात्रींविषयी आहे. बाळ कमी दिवसांचे असेल, त्याचे वजन वाढत नसेल किंवा त्याच्यावर उपचार चालू असतील, तर दोन दुधांमधले अंतर बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच धरावे.

आधी तीन रात्री लिहून काढाव्यात

थकलेल्या माणसाला वाटते की बाळ रात्रभर उठतच असते. लिहून पाहिले की बहुतेक वेळा चित्र थोडे वेगळे निघते. पलंगाजवळ वही आणि पेन ठेवावे आणि सलग तीन रात्री फक्त चार गोष्टींच्या वेळा लिहाव्यात: बाळ झोपले, बाळ उठले, दूध घेतले, आपण झोपलो. मोबाइलपेक्षा वही बरी, कारण मोबाइल हातात आला की वीस मिनिटे त्यातच जातात.

या नोंदीतून बाळाची सर्वात लांब झोप कोणती ते शोधायचे असते. जन्मतः बाळाला दिवस-रात्र कळत नाही. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास ते भान येऊ लागते आणि मग सर्वात लांब झोप बहुधा रात्रीच्या पूर्वार्धात पडते. अडचण अशी की नेमक्या त्याच वेळी एकटा पालक भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, जेवतो आणि मग थोडा वेळ स्वतःचा म्हणून फोन बघत बसतो. बाळाची लांब झोप संपायला येते तेव्हा हा झोपायला जातो.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात एक आई आणि तिची अकरा आठवड्यांची मुलगी राहते. नोंदीप्रमाणे मुलगी रात्री सव्वाआठला झोपते आणि बाराला उठते, नंतर तीनला आणि साडेपाचला. प्रत्येक जागेनंतर दूध, ढेकर आणि पुन्हा झोपवणे यात पाऊण तास जातो. आई अकराला आडवी होत असे. तिची झोप अकरा ते बारा, पाऊण ते तीन आणि पावणेचार ते साडेपाच, म्हणजे सगळी मिळून पाच तास, आणि त्यातला कोणताही तुकडा सव्वादोन तासांपेक्षा मोठा नाही. तिने दुसरे काहीही न बदलता फक्त साडेआठला झोपायला सुरुवात केली, तर पहिला तुकडा साडेतीन तासांचा होतो आणि एकूण झोप साडेसात तासांवर जाते. बाळाची सवय बदललेली नाही, कोणाची मदतही घेतलेली नाही. म्हणून एकट्या पालकाने पहिला नियम हाच धरावा की बाळाची पहिली झोप ही आपलीही झोप आहे.

साडेआठला झोपता यावे म्हणून

हा नियम पाळायचा तर घरातील कामे सायंकाळी साडेसातच्या आत एकतर संपली पाहिजेत, नाहीतर सरळ सोडून दिली पाहिजेत. स्वतःचे जेवण साडेसहा-सातला उरकावे. रात्रीचा स्वयंपाक ही पहिली सोडण्यासारखी गोष्ट आहे: दुपारीच केलेली खिचडी, आणलेला डबा किंवा पोळीवाल्या बाईंच्या पोळ्या आणि वरण एवढ्यावर हे महिने निभतात. धुणे सकाळी. दुपारी तीननंतर चहा-कॉफी टाळावी, कारण साडेआठला झोप न लागण्याचे ते एक साधे कारण असते. पहिले तीन-चार दिवस इतक्या लवकर झोप लागणारही नाही. तरी दिवा मालवून पडून राहावे, कारण अपुरी झोप झालेले शरीर ही नवी वेळ लवकर धरते.

झोपण्याआधी रात्रीची जागा मांडून ठेवावी. हात पुरेल अशा अंतरावर चार-पाच डायपर, ओली फडकी, कपड्यांचा एक जोड, दोन दुपटी, पाण्याची बाटली, खायला राजगिऱ्याची वडी किंवा डिंकाचा लाडू आणि मंद पिवळा दिवा असावा. वीज जाणाऱ्या भागात चार्ज केलेली विजेरीही ठेवावी. दिवसा लंगोट वापरत असाल तर ते उत्तमच, पण रात्री डायपर घालावा. लंगोट ओला झाला की बाळ उठते, दुपटे भिजते आणि पहाटे तीनला अंथरूण बदलावे लागते.

वरचे दूध देणाऱ्यांनी तयारी अधिक काळजीपूर्वक करावी. पावडरीत जंतू असू शकतात, म्हणून ती सत्तर अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात मिसळावी आणि मग दूध कोमट करून पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रात्री गॅसजवळ उभे राहायचे नसेल तर झोपण्यापूर्वी उकळते पाणी चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरावे. अर्धवट भरलेल्या थर्मासमधले पाणी लवकर निवते, आणि तीनच्या दुधासाठी ते पुरेसे गरम राहते का हे एकदा थर्मामीटरने तपासून घ्यावे. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातली पावडर कोरड्या डब्यांमध्ये आधीच मोजून ठेवावी, कारण झोपेत चमचे मोजताना चूक होते. बाळ जास्त वेळ झोपेल म्हणून पावडर जास्त घालणे किंवा दुधात तांदळाची पेज मिसळणे धोक्याचे आहे. उरलेले उष्टे दूध टाकून द्यावे, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

रात्रीची जाग कमीत कमी खर्चात

बाळ कुरकुरले की लगेच उचलू नये. लहान बाळे झोपेतही हातपाय हलवतात, कण्हतात, तोंड वेडेवाकडे करतात, कधी क्षणभर रडतातही, आणि पुन्हा झोपतात. साधारण एक मिनिट ऐकावे. डोळे मिटलेले असतील आणि आवाज थांबून थांबून येत असेल तर बाळ अजून झोपेतच आहे. मूठ चोखणे, मान वळवून तोंड उघडणे, आवाज वाढत जाणे ही भुकेची लक्षणे. तेव्हा मात्र रडून हैराण होईपर्यंत थांबू नये, कारण रडणारे बाळ शांत करण्यात दुप्पट वेळ जातो.

क्रमही ठरलेला असावा. डायपर बदलायचाच असेल, म्हणजे शी झाली असेल किंवा तो जड झाला असेल, तर तो दूध पाजण्यापूर्वी किंवा मध्येच बदलावा. पाजून, ढेकर काढून, झोपलेल्या बाळाला पुन्हा उघडे केले की सगळे पहिल्यापासून सुरू होते. नुसती थोडी लघवी झालेली असेल तर डायपर तसाच ठेवला तरी चालतो. बोलणे, गाणी, मोठा दिवा हे सगळे सकाळसाठी ठेवावे.

आता जागेविषयी, कारण एकट्या पालकाच्या घरात याला फार महत्त्व आहे. रात्री पाजताना आपला डोळा लागणार आहे असे गृहीत धरूनच बसण्याची जागा निवडावी. सोफा आणि आरामखुर्ची या सर्वात धोक्याच्या जागा आहेत: पालक झोपला की बाळ घसरून गादीच्या आणि हाताच्या मधल्या फटीत अडकते, नाक दबते आणि उठवायला दुसरे कोणी नसते. त्यापेक्षा जमिनीवर घातलेली टणक गादी बरी, जिच्यावर बाळाजवळ उशी, गोधडी किंवा रजई नाही आणि जी भिंतीला लागून फट ठेवत नाही. पाजून झाले की बाळाला त्याच्या स्वतःच्या सपाट, टणक अंथरुणावर, आपल्या हाताच्या अंतरावर, पाठीवर झोपवावे. मोहरीची उशी अनेक घरांत डोक्याला आकार यावा म्हणून वापरतात. झोपलेल्या बाळाजवळ कोणतीच उशी नको. झोळीत बाळ छान झोपते हे खरे, पण तिच्यात हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो. पालक स्वतः झोपलेला असताना बाळ झोळीत नसावे. पालक धूम्रपान करत असेल, मद्य घेतले असेल किंवा झोप आणणारे औषध घेतले असेल, तर बाळाला आपल्या अंथरुणावर मुळीच घेऊ नये. सर्दीच्या अनेक गोळ्या झोप आणतात, हे इथे लक्षात ठेवावे.

पोट भरलेले आहे, डायपर कोरडा आहे, ताप नाही आणि तरीही बाळ तासभर रडते आहे, अशी रात्र येते. सहा आठवड्यांच्या सुमारास रडणे सर्वात जास्त असते आणि नंतर ते हळूहळू कमी होते. अशा वेळी आपला संताप वाढतो आहे असे जाणवले, तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत पाच-दहा मिनिटे जावे, तोंडावर पाणी मारावे आणि मग परत यावे. तेवढे रडल्याने बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दिवसा काय सोडावे

‘बाळ झोपले की तूही झोप’ हा सल्ला सगळेच देतात आणि बहुतेकांना तो जमत नाही, कारण बाळाच्या दिवसाच्या झोपा तुटक आणि बेभरवशाच्या असतात. त्याऐवजी दिवसातली एकच झोप, बहुधा सकाळची नऊ-दहाची, ठरवून आपली करावी. त्या वेळी फोन बंद, दाराची बेल बंद. बाकीच्या झोपांमध्ये कामे करावीत आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. रोज अंघोळ-मालीश हवीच असे नाही, एक दिवसाआड चालते. पाहुणे सायंकाळी पाचच्या आत यावेत आणि जावेत, हे स्पष्ट सांगावे. बाळंतपणात रक्त बरेच गेले असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पुष्कळदा ज्याला आपण जागरणाचा थकवा म्हणतो त्यात रक्त कमी असण्याचाही वाटा असतो, आणि त्यावर औषध आहे.

मदत मागताना वार, वेळ आणि काम सांगावे

‘काही लागले तर कधीही सांग’ असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात, पण त्या वाक्यावर रात्र काढता येत नाही. रात्री दोनला फोन उचलायची तयारी असलेले माणूस वेगळे आणि दर मंगळवारी साडेआठला दारात उभे राहणारे माणूस वेगळे. दोघांचीही गरज आहे, पण कामे निराळी आहेत.

पहिले माणूस तातडीचे. ते पाच मिनिटांत पोहोचले पाहिजे, म्हणजे ते त्याच इमारतीत किंवा शेजारी असले पाहिजे. सख्खी बहीण पनवेलला असेल तर ती या कामाची नाही. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली द्यावी आणि एकदा ती लावून दार उघडायला सांगावे. आतून कडी घातली असेल तर किल्लीचा उपयोग नाही हे तेव्हाच कळते. मग रात्री आतून कडी न घालता, बाहेरूनही किल्लीने उघडणारे कुलूपच लावावे. वॉचमनलाही नाव आणि फ्लॅट सांगून ठेवावा, म्हणजे रुग्णवाहिका आली तर फाटकावर वेळ जाणार नाही. स्वतःला चक्कर आली, ताप भरला, उलट्या सुरू झाल्या, तर बाळाजवळ बसणारे हे माणूस आहे.

दुसरे माणूस ठरलेल्या वेळेचे. याचे काम एकच: आपण झोपलेले असताना बाळाची एक जाग सांभाळणे. वरच्या उदाहरणातील आईने समजा मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवले. येणारी मावशी आठला येते, आई सव्वाआठला अंगावर पाजते आणि साडेआठला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते. बाराचे दूध मावशी आधी काढून ठेवलेले देते, बाळाला झोपवते आणि तिथेच झोपते. तीनला आई उठते. आईला सलग साडेसहा तास मिळतात. आठवड्यातून दोनदा मिळालेले असे साडेसहा तास बाकीच्या पाच रात्री तारून नेतात. पहिल्या एक-दोन वेळा छाती भरून आल्याने जाग येईल. तेव्हा दुखणे थांबेल इतकेच दूध काढावे आणि पुन्हा झोपावे. स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले महिना-दीड महिना, ही मोठी विश्रांती घेऊ नये, कारण रात्रीच्या पाजण्यावर दुधाचे प्रमाण बरेच अवलंबून असते.

काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात फ्रिजच्या आतल्या भागात ठेवावे, दारात नाही. तिथे ते चार दिवसांपर्यंत चालते. बाहेर साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेवढे धरू नये. गरम पाण्याच्या वाटीत भांडे ठेवून ते कोमट करावे, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. पाजायला वाटी-चमचा चांगला: धुवायला सोपा आणि बाटलीपेक्षा स्वच्छ. बाळाला वाटी-चमच्याची सवय मात्र दिवसा, आई जवळ असताना लावावी.

माणूस भरवशाचे आहे हे कसे ओळखावे? नात्यावरून नव्हे. आधी दिवसा दोन तास बोलवावे आणि आपण घरात असून मध्ये पडू नये. वेळेवर येते का, हात धुते का, बाळ रडले की घाबरते का, सांगितलेले न विसरता करते का, हे पाहावे. मग एक रात्र आपण जागे राहून. त्यानंतर खरी रात्र. पगारी आया ठेवत असाल तर ओळखपत्राची प्रत, मागच्या दोन घरांशी फोनवर बोलणे आणि पोलीस पडताळणी हे तिन्ही करावे, आणि रात्रीचे काम म्हणजे नक्की किती वाजेपर्यंत, किती पैसे आणि रद्द करायचे तर किती वाजेपर्यंत कळवायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. सायंकाळी पाचच्या आत कळले तर दुसरी सोय करता येते किंवा निदान जेवण लवकर उरकता येते. लागोपाठ दोनदा ऐनवेळी रद्द करणारे माणूस, कितीही मायेचे असले तरी, ठरलेल्या वेळेच्या यादीत राहू शकत नाही. त्याला दिवसाचे, सोडून चालणारे काम द्यावे.

नातेवाईक किंवा शेजारी पैसे घेणार नाहीत, पण ओझे त्यांच्यावरही पडते. म्हणून मागणी नेमकी आणि मुदतीची असावी: ‘पुढचे सहा आठवडे, दर शुक्रवारी, आठ ते तीन.’ मुदत संपली की पुन्हा विचारावे. अमर्याद मागणीला माणसे मनातून घाबरतात आणि मग फोन उचलत नाहीत.

फ्रिजवरचा कागद

मदतीला येणाऱ्याने आपल्याला उठवून प्रश्न विचारू नयेत म्हणून एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. शेवटचे दूध किती वाजता, पुढचे किती आणि कुठे ठेवले आहे, बाळाला पाठीवरच झोपवायचे, झोळी रात्री नाही. घुटी, मध, ग्राइप वॉटर, झोपेचे किंवा सर्दीचे कोणतेही औषध द्यायचे नाही, हे वाक्य ठळक असावे. ‘आम्ही आमच्या मुलांना दिले’ हा युक्तिवाद रात्री अकराला सुरू होऊ नये यासाठी ते लिहिलेलेच बरे.

त्याच कागदावर आपल्याला केव्हा उठवायचे तेही असावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णालयात जायचे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, झटके, दूध मुळीच न घेणे, हलवूनही जाग न येणे, हिरवी उलटी: यापैकी काहीही दिसले तर लगेच. श्वास बाळ शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावा. खाली रुग्णवाहिकेचा 108, डॉक्टरांचा आणि शेजारच्या काकूंचा क्रमांक. लसीकरणाचे कार्ड, आधीचे कागद, रोख पैसे आणि कपड्यांचा जोड असलेली पिशवी दाराजवळ टांगून ठेवावी.

योजना फसते आहे हे कसे कळते

शेवटचे दूध कधी दिले ते आठवत नाही, बसल्या बसल्या डोळा लागतो, किरकोळ कारणाने बाळावर ओरडले जाते, तेव्हा झोपेची तूट हाताबाहेर गेलेली असते. त्या दिवशी दुचाकी चालवू नये आणि त्याच रात्रीसाठी माणूस बोलवावे, पुढच्या शुक्रवारची वाट पाहू नये. बाळ झोपलेले आणि मदतीचे माणूस घरात असूनही झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल, तर हा प्रश्न जागरणाचा राहिलेला नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. वडिलांनाही तो होऊ शकतो. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. इजेचा विचार तीव्र असेल तर बाळाला आधी शेजारी सोपवावे आणि मग रुग्णालयात जावे.

चौथ्या महिन्याच्या सुमारास बऱ्याच बाळांची झोप बदलते आणि नीट बसलेले वेळापत्रक अचानक मोडते. तेव्हा वही पुन्हा काढावी, तीन रात्री पुन्हा लिहाव्यात आणि लांब झोप जिकडे सरकली असेल तिकडे आपली झोपायची वेळ आणि मावशीची यायची वेळ दोन्ही सरकवाव्यात. कामावर रुजू व्हायचे असेल तर हा बदल रुजू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी करून पाहावा.